पैसे मार्चला येतात, बिल डिसेंबरला भरायचंय

"काका, निफाड तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, तिसरं वर्ष चालू आहे. बीएस्सी ॲग्री करून वडिलांच्या 8 लाखांवर सुरू केलं. वर्षाला साठेक लाखांची विक्री होते पण हातात काहीच राहत नाही. उधारी 17 लाखांवर गेलीये, दुकानात 6 लाखांचा माल आहे आणि डिस्ट्रिब्युटरचं 9 लाख देणं आहे, त्याने आता माल थांबवलाय. उधारी बंद केली तर शेजारचा दुकानदार गिऱ्हाईक ओढून नेणार. म्हणून जमीन तारण ठेवून बँकेकडून 10 लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, काढावी आणि जूनचा माल भरावा असं मनात आहे. घरचे म्हणतात उधारीच बंद कर. काय करू?"

तुला तू म्हणतोय, राग मानू नको, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे आणि मीसुद्धा बावीस वर्षं हेच दुकान चालवलंय, दिंडोरीकडे.

आधी तुझेच आकडे परत मांडू. उधारीच्या खात्यात 17, मांडणीवर 6, मिळून 23 लाख. त्यातले 9 डिस्ट्रिब्युटरचे, 8 वडिलांचे, म्हणजे उरले 6. ती तुझी तीन वर्षांची कमाई आहे. तू म्हणतोस हातात काही राहत नाही, तर राहिलंय की, फक्त ते लोकांच्या खात्यात आणि मांडणीवर जाऊन बसलंय. आणि ती कमाई खरी की कागदावरची हे त्या 17 लाखांत जिवंत किती आणि मेलेले किती यावर ठरणार. हे माहीत नसताना जमीन तारण ठेवायची म्हणजे डोळे बांधून विहिरीत उतरणं झालं. सीसीने तुझं देणं मिटत नाही, आज ते डिस्ट्रिब्युटरकडे आहे, उद्या बँकेकडे जाईल, आणि नवा माल परत त्याच खात्यांवर उधार जाईल. म्हणून जमिनीला आत्ता हात लावू नको असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आता तू जे धरून चाललायस ते, की उधारी दिली नाही तर गिऱ्हाईक तुटतं. अर्धं खरं आहे हे. आपल्याकडे द्राक्षवाला ऑक्टोबरला छाटणी घेतो, तेव्हापासून डावणी, भुरी, थ्रिप्सच्या फवारण्या, मणी फुगवायला जीएचे डोस, विद्राव्य खतं असा खर्च थेट जानेवारीपर्यंत चालतो आणि पहिला रुपया येतो तो माल खुडल्यावर, फेब्रुवारी-मार्चला. त्याला सगळं रोख घे म्हणणं म्हणजे दुसऱ्या दुकानात जा म्हणणंच आहे. पण तू उधारी देताना माणूस बघतोस, ओळखीचा आहे, भाऊबंद आहे, बाग चांगली आहे. बघायचं असतं ते त्याच्या पिकाचे पैसे कोणत्या महिन्यात येणार, आणि तोच माल तू ज्याच्याकडून आणलास त्याचं बिल कोणत्या महिन्यात भरायचंय. या दोन तारखांच्या मध्ये जे दिवस पडतात तेवढे दिवस तुझं भांडवल तिथे अडकून राहतं.

एका लाखाचं उदाहरण घे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन एकरवाल्या बागायतदाराला 1 लाखाचा माल दिलास, तुझी खरेदी 88 हजारांची, म्हणजे 12 हजार सुटले असं वाटतं. डिस्ट्रिब्युटरची मुदत 60 दिवसांची, म्हणजे डिसेंबरला बिल भरायचं. बागेचे पैसे मार्चला. मधले तीन महिने तुझ्या अंगावर. बिल थकलं की डिस्ट्रिब्युटर महिन्याला दीड टक्का लावतो असं धर, 88 हजारांवर तीन महिन्यांचे 3,960 झाले. आणि रोखीने बिल भरलं असतं तर 3 टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, मिळाली असती, ती गेली, 2,640. हे दोन्ही मिळून 6,600. बारामधून वजा जाता राहिले 5,400. त्यात दुकानाचं भाडं, लाईट, पोऱ्याचा पगार, गाडीचं पेट्रोल, विक्रीच्या पाच टक्के जरी धरलं तरी 5 हजार. उरले 400 रुपये. लाखाच्या धंद्यात चारशे, आणि तेही त्याने मार्चला सगळे दिले तर.

पुढचं वर्षही त्याने नाही दिले तर नुसतं व्याजच 15,840 होतं, आणि बुडालेच तर 88 हजार तुझ्या खिशातून गेले. ते भरून काढायला रोखीची किती विक्री लागेल बघ, रोखीत तुला खर्च जाऊन लाखाला 7 हजार सुटतात, म्हणजे साडेबारा लाखांचा माल नव्याने विकायचा, एका खात्यासाठी. शेजारचा दुकानदार असं गिऱ्हाईक ओढून नेत असेल तर कधीकधी नेऊ दे.

मग उधारी द्यायची कोणाला आणि किती. पिकावर ठरव. टोमॅटोवाल्याचे तोडे चालू झाले की दर दोन-तीन दिवसांनी पिंपळगावला क्रेट जातात, त्याच्या हातात आठवड्याला पैसे असतात, त्याची उधारी शेवटाला मागायची नाही, तोडा सुरू झाल्या दिवसापासून दर आठवड्याला थोडी थोडी घ्यायची. सीझन संपेपर्यंत थांबलास तर तो पैसा दुसरीकडे गेलेला असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मका-सोयाबीनवाल्याचे दिवाळीच्या आसपास येतात. उन्हाळ कांदावाल्याचं सगळ्यात अवघड, कारण मार्च-एप्रिलला कांदा निघाला तरी भाव नाही म्हणून तो चाळीत टाकतो आणि तुझे पैसेही त्याच्या चाळीत जाऊन बसतात, कधी दसऱ्यापर्यंत. त्याला आधीच सांगायचं, चाळ भरायच्या आधी एक ट्रॅक्टर कांदा माझ्या नावाने विक, बाकीचं तू भाव बघून काढ. हे माल देतानाच बोललं तर बहुतेक जण ऐकतात, नंतर बोललं तर भांडण होतं.

आणि एक, सगळी उधारी एकाच पिकावर घालू नको. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि एक्सपोर्टचा माल अडकला, तेव्हा माझी पाच मोठी खाती होती आणि पाचही एक्सपोर्टवाली. माणसं सोन्यासारखी, एकही बुडवणारा नव्हता, पण पाचांचे पैसे एकाच वेळी अडकले आणि त्याच महिन्यात माझ्या होलसेलरने माझा माल बंद केला, जसा तुझा आज केलाय. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा कांदापट्ट्यातल्या दुकानदारांचं हेच झालं, चांगल्या खात्यांची वसुली एका रात्रीत लांबली. माणूस चांगला असला तरी भाव तुझ्या आणि त्याच्या हातात नसतो, म्हणून एका पिकावर एकूण उधारीच्या निम्म्याच्या वर जायचं नाही असा नियम मी तेव्हापासून पाळला.

उधार देताना थोडे पैसे आधी घे, तीसेक टक्के, म्हणजे लाखाच्या मालाला 30 हजार हातात. जो सुरुवातीला 30 देऊ शकत नाही तो शेवटी 100 कुठून देणार याचा विचार कर. आणि भाव दोन ठेव, उधारीचा आणि रोखीचा, पण दोन्ही एमआरपीच्या आत. एमआरपीच्या वर एक रुपया लावलास तर तो गुन्हा आहे, म्हणून उधारीवाल्याला जास्त लावायचं हे डोक्यातून काढ, त्यापेक्षा रोखवाल्याला कमी कर आणि तसं बिलात लिही. औषधांच्या एमआरपीत तेवढी जागा असते. युरियात अजिबात नसते, 45 किलोच्या गोणीचा भाव 266 रुपये 50 पैसे ठरलेला, पॉस मशीनवर अंगठा, त्यात तुला सुटतात थोडेसे रुपये, तर युरिया-डीएपी उधार द्यायचं नाहीच. बियाणंही नाही. पीक कर्जाचं कार्ड असेल तर त्यावर स्वाइप कर म्हण, बऱ्याच जणांकडे असतं आणि वापरत नाहीत.

आता मालाचं. तुझं पत्र मार्चएंडच्या तोंडावर आलंय म्हणून हे आधी सांगतो, या आठवड्यात कंपन्यांची पोरं येतील, टार्गेट असतं त्यांचं, म्हणतील पेट्या टाकून घ्या, स्कीम आहे, टूर आहे, पैसे जूनमध्ये द्या. घेऊ नको. बिचारी पोरंही नोकरी करतात, त्यांच्यावर राग नाही, पण तो माल ऑक्टोबरपर्यंत तुझ्या मांडणीवर बसणार आणि बिल जूनमध्ये येणार. दुकानातल्या 6 लाखांपैकी किती माल असा आलाय ते एकदा बघ. प्रत्येक पेटीची एक्सपायरी तारीख वहीत उतरव, जवळची तारीख पुढे, लांबची मागे. एक्सपायर झालेलं औषध विकता येत नाही, परत करायचं तर कंपनी मुदतीच्या आधीच काही महिने आणि सील न फोडलेली पूर्ण पेटीच घेते, म्हणून ते आजच डिस्ट्रिब्युटरशी बोलून घ्यायला हवं, क्रेडिट नोट मिळाली तर तुझ्या 9 लाखांतून तेवढे कमी होतील. कांद्याच्या बियाण्याचं विशेष बघ, ते वर्षभरात उगवण घालवून बसतं, गेल्या वर्षीची पाकिटं कोणाला देऊ नको, शेतकऱ्याचं रोप फसलं तर त्याचा सीझन जातो आणि तक्रार तुझ्यावर येते.

नवीन माल पंधरा दिवस पुरेल इतकाच ठेव. तुझ्या गावाला पिंपळगाव किंवा नाशिकहून टेम्पो दुसऱ्या दिवशी येतो, मग गोडाऊन भरायचं कशाला? अपवाद एकच, अवकाळी. नोव्हेंबरात दोन दिवस ढग आले आणि शिंतोडा पडला की सगळ्या बागा एकदम डावणीचं औषध मागतात आणि होलसेलकडे पण संपतं, म्हणून मॅन्कोझेबसारखी चार-पाच नेहमीची औषधं ऑक्टोबर ते डिसेंबर जास्त ठेव, ती विकतातच आणि तेव्हा रोख घेऊन जातात लोक.

डिस्ट्रिब्युटरने माल थांबवलाय तर त्याला फोन टाळू नको, उद्याच जा. पण रिकाम्या हाताने नको, कागद घेऊन जा. कागद असा कर, एका वहीत चार रकाने, नाव, पीक, कधीची बाकी, पैसे कधी येणार. समज 17 लाखांत असं निघालं: 7 या सीझनचे द्राक्षांचे, 4 कांद्याचे, 3 मका-सोयाबीनचे जे दिवाळीलाच यायला हवे होते, आणि 3 वर्षापेक्षा जुने. तुझे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच. मग मे अखेरपर्यंत द्राक्षातले 5 येतील, कांद्यातले 2, मका-सोयाबीनचा 1, जुन्यातला शून्य धर. झाले 8 लाख. डिस्ट्रिब्युटरला सांग, 15 एप्रिलला 3, मे अखेर 4, राहिलेले 2 दिवाळीला. तोवर नवीन माल रोखीने घेतो, मला सीडी द्या आणि जुन्या बाकीचं व्याज थांबवा. होलसेलवाल्याला गोड बोलणारे रोज भेटतात, तारखा लिहून देणारा क्वचित, आणि बहुतेक वेळा तो ऐकतो कारण तुझं दुकान बंद पडलं तर त्याचे 9 लाखही जातात. मे महिन्यात तुझ्याकडे हे 8 जमलेच नाहीत तर समज की जिवंत वाटत होती ती उधारी मेलेली होती, आणि मग दुकान लहान करायचा विचार करायचा, जमीन तारण ठेवायचा नाही.

त्याच्याशी बोलताना पुढच्या सीझनच्या अटी पण लिहून घे. मुदत बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, मुदतीनंतर व्याज किती, माल परत घेण्याची शेवटची तारीख, कंपनीने भाव उतरवला तर शिल्लक मालाचा फरक मिळणार की नाही. युरियासोबत न विकणारा माल गळ्यात मारतात ते घ्यायला नकार दे, ते लिंकिंग आहे आणि चालत नाही. कोरा चेक सही करून दिला असशील तर त्याच्यावर रक्कम नाहीये म्हणून निश्चिंत राहू नको, तो भरून लावला आणि परत गेला तर केस तुझ्यावर होते, निदान सिक्युरिटी म्हणून दिलाय असं पत्र त्याच्या सहीने घे. आणि सीएला विचार की कोणत्या बिलांना 180 दिवस होत आलेत, तेवढ्या दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट व्याजासकट परत भरावं लागतं, औषधाला 18 टक्के आहे, लहान रक्कम नाही ती.

वसुलीचे दिवस हेच आहेत, आजपासून एप्रिल अखेर. द्राक्षवाल्याकडे पैसे आल्यावर जायचं नाही, व्यापारी बागेत येऊन सौदा करतो तेव्हा जायचं. तुला बागा माहीत आहेत, छाटणीची तारीख तुझ्याच बिलावरून कळते, साधारण चार-साडेचार महिने मोज. बागेत चक्कर मारायची, घडाची साखर बघायची, माल चांगला उतरलाय म्हणायचं, आणि जाताना विचारायचं, दादा कधी खुडताय, पैसे किती दिवसांनी देतोय व्यापारी, त्यातले माझे किती धरू. आकडा त्याच्या तोंडून येऊ दे. स्वतः सांगितलेला आकडा माणूस सहसा पाळतो. व्यापारी पैसे न देता पळालेला असेल, आपल्याकडे होतं हे दरवर्षी, तर शेतकऱ्यावर चढू नको, हप्ते पाड.

आणि खात्यावर सही घे. ही एक गोष्ट सगळे दुकानदार विसरतात. मालाच्या पैशासाठी दावा करायला 3 वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत त्याने इतकी बाकी मान्य आहे असं लिहून सही केली की तिथून परत 3 वर्षं मोजली जातात. म्हणून दर सीझनच्या शेवटी, चहा पाजून, वहीत एक ओळ, तारीख, सही. जुन्या 3 लाखवाल्यांकडे आधी हीच सही मागायला जा, पैसे मागायला नाही. जो सही देतो तो पैसे देणारा आहे, थोडे थोडे करून. जो सहीलाच नाही म्हणतो त्याला नवीन माल नाही, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाची नोटीस. चेक घेतलास तर 3 महिन्यांच्या आत लाव, परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मग 15 दिवस त्याला, आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार, यातली एक तारीख चुकली की केस लंगडी पडते. मोठे बागायतदार एकदम रोख आणतात तेव्हा एका दिवशी एकाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेऊ नको, आयकर तेवढाच दंड लावू शकतं, आरटीजीएस करायला सांग.

काय करायचं नाही तेही सांगतो. कोरा स्टॅम्प, सातबारा, ट्रॅक्टरचं आरसी बुक असलं काही ठेवून घेऊ नको. त्याला अवैध सावकारीचा वास येतो, तक्रार उपनिबंधकाकडे गेली की तू दुकानदार आहेस हे सिद्ध करत बसशील. आणि वसुलीला पोरं पाठवायची नाहीत, बायकामुलांसमोर बोलायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात दुकानदार अंगणात ओरडून गेला होता, त्या घरातल्या माणसाने महिनाभर बाहेर पडणं सोडलं. पैसे तर आलेच नाहीत. ज्याच्याकडे खरंच नाही त्याच्याकडे एकटा जा, बस, काय पेरणार आहेस विचार, आणि या वेळी त्याला उधार न देता कमी खर्चात कसं निभेल ते तुझ्या बीएस्सीतून सांग.

आता एप्रिलच्या खरड छाटण्या चालू होतील, दुकानातला जो माल त्याला लागतो तो काढून पुढे मांड आणि रोखीच्या भावाचा बोर्ड लाव. वहीचे चार रकाने मात्र आज रात्रीच भरायला घे, वडिलांना शेजारी बसव, कोणाच्या बागेचा सौदा झालाय आणि कोणाचा कांदा अजून वावरात आहे हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.